प्रकल्प अहवाल आणि हस्तांतरण टिपण: अकराव्या विहिरीच्या निमित्ताने

इंटर्नशिप संपत आली की विद्यार्थी एक प्रकल्प अहवाल लिहितो, त्याची एक प्रत महाविद्यालयाला देतो, एक प्रत ज्या संस्थेत काम केले तिला देतो, आणि पुढे येणाऱ्या इंटर्नला हीच प्रत पुरेशी होईल असे सगळेच गृहीत धरतात. पारोळा तालुक्यात बोरी नदीच्या खोऱ्यातील अठरा विहिरींची पाणीपातळी दर पंधरवड्याला मोजण्याच्या एका कामावर मी काही वर्षे मार्गदर्शक म्हणून होतो, आणि सुरुवातीला मीही हेच गृहीत धरले होते. अहवाल आणि हस्तांतरण टिपण यांत एकाच कामाची माहिती असते, पुष्कळदा वाक्येही सारखीच दिसतात, म्हणून त्यांची गल्लत होते. पण अहवाल वाचणाऱ्याला झालेले काम पटायला हवे, तर टिपण वाचणाऱ्याला सोमवारी सकाळी विहिरीवर जाऊन तेच काम त्याच पद्धतीने करता यायला हवे.

हा फरक कळण्यासाठी मोजणी कशी होते ते आधी सांगावे लागेल. विहिरीतील पाण्याची पातळी ही जमिनीपासून किती खोल आहे अशी नोंदवतात, परंतु टेप प्रत्यक्षात जमिनीवरून सोडता येत नाही. तो कठड्यावरच्या एका ठरावीक ठिकाणाहून सोडावा लागतो. या ठिकाणाला मोजबिंदू म्हणतात. मोजबिंदू जमिनीपासून किती उंच आहे हे एकदा मोजून ठेवतात आणि प्रत्येक वेळी टेपच्या आकड्यातून ती उंची वजा करतात. कठडा सगळीकडे सारख्या उंचीचा असता तर मोजबिंदू कोठेही घेतला तरी चालले असते. आपल्याकडच्या जुन्या दगडी विहिरींचे कठडे मात्र एका बाजूला छातीपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला, जेथे पंपाचा पाइप बाहेर काढण्यासाठी दगड काढलेले असतात तेथे, जवळजवळ जमिनीला टेकलेले असतात.

अकरा क्रमांकाची विहीर नेमकी अशीच होती. पहिल्या इंटर्नने दक्षिणेकडच्या अखंड कठड्यावर मोजबिंदू घेतला होता आणि त्याची उंची ०.७५ मीटर होती. मार्चच्या शेवटच्या फेरीत टेपवर ८.९५ मीटर आले, त्यातून ०.७५ वजा करून तिने जमिनीपासूनची खोली ८.२० मीटर अशी नोंदवली. तिची इंटर्नशिप तेथे संपली. तिच्या अहवालातील पद्धतीच्या प्रकरणात वाक्य होते: “सर्व विहिरींची पातळी मोजबिंदूवरून मोजून, मोजबिंदूची उंची वजा करून, जमिनीच्या संदर्भात नोंदविण्यात आली.” वाक्य पूर्ण खरे आहे. परीक्षकाला याहून अधिक काहीही नको होते, कारण परीक्षक त्या विहिरीवर जाणार नव्हता.

दोन आठवड्यांनी दुसरा इंटर्न रुजू झाला. त्याने अहवाल नीट वाचला होता आणि तक्त्यात प्रत्येक विहिरीसमोर मोजबिंदूची उंची लिहिलेली त्याला मिळाली होती. तो अकराव्या विहिरीवर गेला आणि पंपाच्या बाजूने, जेथे उभे राहणे सोपे आहे तेथून, टेप सोडला. त्या बाजूचा कठडा जमिनीपासून केवळ ०.१० मीटर उंच होता. टेपवर ८.५० मीटर आले, म्हणजे पाणी खरोखर ८.४० मीटर खोल होते. पण तक्त्यातील ०.७५ वजा झाल्यामुळे नोंद झाली ७.७५ मीटर. एप्रिल महिन्यात, पावसाचा एक थेंब नसताना, पाणी ०.२० मीटर खाली गेले असताना ते ०.४५ मीटर वर आल्याचे दिसू लागले.

ही चूक आलेखावर ओळखता येते, आणि ती कशी ओळखायची हे समजून घेण्यासारखे आहे. पाणी खरोखर वाढले असेल तर शेजारच्या विहिरींतही थोडाफार बदल दिसतो, आणि वाढलेली पातळी पुढच्या फेऱ्यांत हळूहळू उतरते. मोजबिंदू बदलला असेल तर एकाच विहिरीच्या रेषेला एक पायरी पडते, ती पायरी नेमकी माणूस बदलल्याच्या तारखेला पडते, आणि त्यानंतर रेषा आधीच्याच उताराने, फक्त वरच्या अंगाने, चालू राहते. आम्ही मेच्या मध्याला विहिरीवर जाऊन एकाच वेळी दोन्ही ठिकाणांहून टेप सोडला. दोन आकड्यांत ०.६५ मीटरचा फरक आला, म्हणजे ०.७५ उणे ०.१०. त्या काळातील प्रत्येक नोंदीत ०.६५ मिळवल्यावर रेषा सरळ झाली. या विहिरीची चूक दुरुस्त होऊ शकली, कारण कठडा अजून तसाच उभा होता. आणखी एका विहिरीचा कठडा मालकाने दरम्यान सिमेंटने नवा बांधून घेतला होता. तेथे जुना मोजबिंदूच उरला नव्हता, आणि त्या विहिरीच्या दोन्ही इंटर्नच्या नोंदी एकत्र जोडणे आम्हाला सोडून द्यावे लागले.

आता हीच माहिती हस्तांतरण टिपणात कशी यायला हवी होती ते पाहावे. “विहीर ११: टेप दक्षिणेकडच्या कठड्यावरील लाल रंगाच्या बाणावरून सोडावा. बाण चिंचेच्या झाडाच्या समोर आहे. उंची ०.७५ मीटर. पंपाच्या बाजूने सोडू नये. तेथील कठडा ०.१० मीटर आहे. फोटो फोल्डरमध्ये आहे.” अहवालात अशी अठरा विहिरींची वर्णने घातली तर परीक्षक ती निरर्थक तपशील म्हणून काढायला लावेल, आणि अहवालाच्या दृष्टीने त्याचे म्हणणे योग्यच असेल. “सर्व विहिरींची” या शब्दांनी अहवालाचे काम होते. टिपणात ते शब्द आले की समजावे, लिहिणाऱ्याने अठरा गोष्टी स्वतःजवळच ठेवल्या आहेत.

दुसरा फरक काळाचा आहे. अहवाल भूतकाळात लिहिला जातो आणि त्यात काम पूर्ण झालेले असते. “स्थिर पातळी नोंदविण्यात आली” असे अहवाल म्हणतो. परंतु ती स्थिर पातळी मिळवण्यासाठी इंटर्नला काय करावे लागत होते ते त्यात नसते. पंप चालू असताना विहिरीतले पाणी खाली गेलेले असते, आणि बेसाल्टच्या खडकात झिरपा मंद असल्याने पंप बंद झाल्यावरही पाणी मूळ पातळीला यायला कित्येक तास लागतात, उन्हाळ्यात तर पूर्ण रात्रही जाते. शेतीच्या थ्री-फेज पुरवठ्याच्या वेळा दिवसपाळी आणि रात्रपाळी अशा बदलत राहतात. ज्या आठवड्यात लाइट रात्री असते त्या आठवड्यात सकाळी सात वाजता गेलेल्या इंटर्नला नुकताच उपसा झालेली विहीर भेटते. एका विहिरीचे मालक, ज्यांना सारे आप्पा म्हणत, त्यांनी हे आम्हाला एका वाक्यात सांगितले होते: “लाइट उनी का पानी खाले जास, भाऊ.” पहिली इंटर्न आदल्या संध्याकाळी मालकांना फोन करून लाइट केव्हा आहे ते विचारत असे आणि त्यानुसार फेरीचा क्रम बदलत असे. हे तिच्या इतके अंगवळणी पडले होते की ती त्याला कामाचा भाग मानत नव्हती, म्हणून ते कोठेच लिहिले गेले नाही. टिपणात अशा गोष्टींसाठी जागा ठेवावी लागते, आणि तक्त्यात “पंप बंद होऊन किती तास” असा रकाना करावा लागतो, म्हणजे नंतर शंकास्पद नोंद वेगळी काढता येते. मालकांचे फोन क्रमांक मात्र सर्वांना उघडता येणाऱ्या फाइलमध्ये न टाकता कार्यालयाच्या नोंदवहीत ठेवावेत आणि टिपणात फक्त नोंदवहीचा उल्लेख करावा. त्यांनी ते एका विद्यार्थिनीला दिले होते, पुढे येणाऱ्या प्रत्येकाला नव्हे.

एक्सेल फाइलबाबतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. अहवालाला शेवटचा तक्ता पुरतो. पुढच्या इंटर्नला मात्र रिकाम्या चौकटीचा अर्थ कळावा लागतो, कारण विहीर कोरडी असणे आणि त्या दिवशी विहिरीवर जाताच न येणे या दोन वेगळ्या घटना आहेत. दोन्ही ठिकाणी शून्य लिहिले तर तक्त्याच्या भाषेत पाणी मोजबिंदूपर्यंत आले आहे असा अर्थ होतो. चौकट रिकामी सोडली आणि साधी वजाबाकी ठेवली तरी एक्सेल रिकाम्या चौकटीला शून्य धरते आणि खोली उणे ०.७५ दाखवते, म्हणजे पाणी जमिनीच्याही वर. ही उणे संख्या सरासरीत मिसळली की सबंध फेरीची पातळी सुधारल्यासारखी दिसते. टेपचा आकडा D रकान्यात आणि मोजबिंदूची उंची E रकान्यात असेल तर सूत्र असे ठेवावे:

```
=IF(D2="","",D2-E2)
```

आणि शेजारी स्थितीचा वेगळा रकाना ठेवून त्यात “मोजली”, “कोरडी” किंवा “जाता आले नाही” यांपैकी एक लिहावे. टिपणात हे तीन शब्द, त्यांचे अर्थ आणि कोणती फाइल चालू आहे तिचे नाव लिहिले की पुरते.

अपयश कोठे लिहायचे याविषयी विद्यार्थ्यांचा गोंधळ मी सर्वांत जास्त पाहिला आहे. पहिल्या इंटर्नने पातळीतील वाढीवरून पावसाळ्यात जमिनीत किती पाणी मुरले हे काढण्याचा प्रयत्न केला होता, पण त्यासाठी त्या खडकाचा पाणी सोडण्याचा गुणांक लागतो आणि तो तिच्याकडे नव्हता, म्हणून तिने तो भाग थांबवला. अहवालात त्याचा उल्लेख “पुढील अभ्यासाची दिशा” या शीर्षकाखाली एका ओळीत, आशादायक भाषेत आला. ती ओळ वाचून दुसऱ्या इंटर्नने तोच प्रयत्न पहिल्यापासून सुरू केला आणि तीन आठवड्यांनी त्याच ठिकाणी अडकला. टिपणात ते सरळ लिहायला हवे होते: काय करून पाहिले, कोठे अडले, कशाशिवाय पुढे जाऊ नये.

टिपणाच्याही मर्यादा आहेत. त्यावरून कोणताही निष्कर्ष सिद्ध होत नाही, आणि ते लवकर जुने होते. कठडा बांधला जातो, पंप बदलतो, बाणाचा रंग दोन पावसाळ्यांत उडतो. म्हणून अहवालावर एकदा सही झाली की त्यात फेरफार करू नये, तर टिपणात प्रत्येकाने तारीख घालून बदल करीत राहावे. शक्य असेल तेथे जुन्या आणि नव्या इंटर्नने एक फेरी बरोबर करावी. ते शक्य नसेल तर टिपण पूर्ण झाल्यावर कामाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी ते हातात देऊन तीन विहिरींवर एकट्याने पाठवावे आणि त्याच दिवशी आपण स्वतः मोजलेल्या आकड्यांशी त्याचे आकडे ताडून पाहावेत. आमच्याकडे दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतचा फरक हाताचा मानला जातो. त्याहून जास्त फरक आला तर आम्ही त्या विहिरीपुरते टिपण पुन्हा लिहितो. अकराव्या विहिरीसमोर आता चिंचेच्या झाडाऐवजी विजेच्या खांबाचा उल्लेख आहे, कारण चिंच गेल्या उन्हाळ्यात तोडली.