फिनेस निम्म्या वेळा का साधतो : पार्श्वभूमी

ब्रिजमधील फिनेस, म्हणजे मधले मोठे पान प्रतिस्पर्ध्याकडे असतानाही त्याखालच्या पानाने हात जिंकण्याचा प्रयत्न, हा डाव ब्रिजपेक्षा जुना असून तो व्हिस्ट या खेळातून आला आहे. एडमंड हॉइल यांचे व्हिस्टवरील पुस्तक १७४२ मध्ये निघाले. फिनेसचा अर्थ सांगताना त्यांनी एक्का आणि राणी हातात असताना राणी टाकण्याचा धोका पत्करण्याबद्दल लिहिले, आणि राजा डावीकडच्या प्रतिस्पर्ध्याकडे नसण्याची शक्यता दोनास एक अशी दिली. आजच्या ब्रिज खेळाडूला हे प्रमाण चुकीचे वाटेल, परंतु ते व्हिस्टपुरते बरोबरच होते. त्या खेळात कोणाचीच पाने उघडी नसत, त्यामुळे राजा उरलेल्या तिघांपैकी कोणाकडेही, अगदी स्वतःच्या भिडूकडेही, असू शकत असे. आणि राणी मार खाई ती फक्त तो डावीकडे असेल तेव्हाच.

हा हिशोब डमीमुळे, म्हणजे भिडूच्या उघड्या पानांमुळे, बदलला. १८८६ मध्ये लंडनमध्ये छापल्या गेलेल्या ‘बिरिच’ या ब्रिजच्या पूर्वरूपाच्या नियमपत्रिकेत भिडूची पाने टेबलावर उघडी मांडण्याची पद्धत दिसते. डिक्लेअररला, म्हणजे स्वतःची आणि डमीची पाने खेळणाऱ्या खेळाडूला, सव्वीस पाने दिसू लागल्यावर राजा लपण्याच्या जागा तीनवरून दोनवर आल्या, आणि आपण ज्याला ‘निम्मी शक्यता’ म्हणतो ती इथून सुरू झाली.

समजा, डमीत इस्पिकचा एक्का, राणी आणि पंजी आहे, तर दक्षिणेच्या, म्हणजे डिक्लेअररच्या, हातात सत्ती, चौकी आणि दुरी. दक्षिण दुरी खेळते. पश्चिमेने राजा घातला तर एक्क्याने तो मारावा, म्हणजे राणी पुढच्या हातासाठी मोठी होते. पश्चिमेने लहान पान टाकले तर डमीतून राणी टाकावी. राजा पश्चिमेकडे असेल तर दोन हात होतात, पूर्वेकडे असेल तर बहुधा एकच. सगळे बळ या क्रमात आहे, कारण पश्चिमेला डमीच्या आधी पान टाकावे लागते. डमीतून सुरुवात केली तर तो फिनेस राहतच नाही.

दोन्ही प्रतिस्पर्ध्यांकडे तेरा-तेरा अज्ञात पाने असल्याने राजा कोणाकडेही असण्याची शक्यता समान असते. पण ही समानता बोली सुरू होण्यापूर्वीची आहे, आणि माझ्या मते अनेक चांगले खेळाडूही ते विसरतात. पश्चिमेने तीन बदामची बोली देऊन सात बदाम दाखवले आणि आपल्या दोन हातांत मिळून चार बदाम असतील, तर पूर्वेकडे दोनच उरतात. आता पश्चिमेकडे इतर पानांसाठी सहा जागा मोकळ्या राहतात आणि पूर्वेकडे अकरा, म्हणून इस्पिकचा राजा पश्चिमेकडे असण्याची शक्यता सतरात सहा, म्हणजे सुमारे ३५ टक्के, इतकी खाली येते. अशा वेळी किलवरमध्ये पूर्वेविरुद्धचा फिनेस उपलब्ध असेल, तर तोच आधी करावा. त्याची शक्यता याच हिशोबाने सुमारे ६५ टक्के भरते.