अँटिबायोटिक दिलेल्या गाईचं दूध केंद्रावर पुन्हा कधी घालता येतं? दिवस कसे मोजायचे, नोंद कशी ठेवायची

सांगोला, माळशिरस, पंढरपूर भागात गाईला दगडी झाली की सडात ट्यूब आणि मानेत इंजेक्शन हा उपचार ठरलेला. गाय बरी होते, दूध स्वच्छ दिसतं, म्हणून ते केंद्रावर जातं आणि परत येतं. दूध बरं दिसणं आणि त्यातून औषध निघून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध निघून जायला लागणाऱ्या काळाला विथड्रॉवल पीरियड म्हणतात. तेवढे दिवस दूध केंद्रावर घालायचं नाही आणि घरीही वापरायचं नाही. उकळून बहुतेक अँटिबायोटिकं नष्ट होत नाहीत. पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्या माणसाला असं दूध बाधू शकतं, आणि विरजणातले जंतू मरून दही नीट लागत नाही.

सगळ्यात जास्त चूक दिवस मोजण्यात होते. मोजणी शेवटच्या डोसापासून करायची, पहिल्या डोसापासून नाही. एक उदाहरण घेऊ. 5 जूनला सकाळी उपचार सुरू झाला. मागच्या उजव्या सडात ट्यूब सोडल्या, शेवटची 7 जूनला संध्याकाळी 6 वाजता. ट्यूबच्या खोक्यावर 96 तास लिहिलंय, म्हणजे ट्यूबचा काळ 11 जूनला संध्याकाळी 6 ला संपतो. इंजेक्शन मात्र 9 जूनला सकाळी 8 पर्यंत चाललं आणि त्याचा काळ 7 दिवस, म्हणजे 16 जून सकाळी 8. दोन औषधं असली की ज्याची तारीख उशिराची ती धरायची. 16 तारखेची सकाळी 6 ची धारसुद्धा बाहेरच. पहिलं दूध घालायचं ते त्या दिवशी संध्याकाळचं. 5 जूनपासून सात दिवस मोजणारा 12 तारखेलाच दूध घालतो. माणूस प्रामाणिक असतो, पण दूध चार दिवस आधी गेलेलं असतं.

दुसरी चूक म्हणजे उपचार झालेल्या सडाचं दूध टाकून बाकी तीन सडांचं घालणं. सडात सोडलेलं औषध रक्तात जातं आणि तिथून दुसऱ्या सडांतही उतरतं. त्यामुळे चारही सडांचं दूध बाजूला काढायचं. जिवावर येतं हे खरं, पण यातून पळवाट नाही. मोठ्या कूलरमध्ये पातळ होऊन जाईल, हाही भ्रम आहे. धरा, दुधात लिटरला 1 मिलिग्रॅम पेनिसिलीन आहे. असं 10 लिटर दूध घालून कूलरमध्ये एकूण 500 लिटर झालं, तरी लिटरला 20 मायक्रोग्रॅम उरतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची मर्यादा किलोला 4 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका गाईपायी गावाचं दूध जातं.

आता कागद. अडतं ते औषधाच्या खोक्यापाशी. इंजेक्शन डॉक्टरांच्या पेटीतलं, रिकामी बाटली त्यांच्याबरोबर गेलेली, खोकं गोठ्यात आलेलंच नसतं. औषधांच्या नियमांत 2012 ला झालेल्या दुरुस्तीनंतर अन्न देणाऱ्या जनावरांच्या औषधावर हा काळ छापणं बंधनकारक आहे, आणि त्या औषधाचा काळ तपासून ठरवलेला नसेल तर दुधासाठी किमान 7 दिवस धरायचे असतात. पण छापतात इंग्रजीत आणि डोळे फोडून वाचावं लागेल एवढ्या बारीक अक्षरात. ज्याच्यासाठी छापायचं त्यालाच वाचता येत नसेल तर त्या छापण्याचा उपयोग काय? म्हणून डॉक्टर गोठ्यातून निघायच्या आधीच बाटलीचा आणि खोक्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि चिठ्ठीवर दूध बंद ठेवायचे दिवस लिहून मागा. मागायला संकोच करू नका. डोस लेबलपेक्षा जास्त दिला किंवा वेगळ्या मार्गाने दिला, तर खोक्यावरचे दिवस लागू पडत नाहीत. तेव्हा डॉक्टर सांगतील तो वाढीव काळच धरायचा.

नोंदीला साधी शंभरपानी वही पुरे. एका उपचाराला एक पान: गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर, आजार आणि कोणतं सड, औषधाचं नाव व बॅच नंबर, किती मिली, कुठे दिलं, प्रत्येक डोसाची तारीख आणि वेळ, डॉक्टरांचं नाव. शेवटी मोठ्या अक्षरात ‘दूध घालायचं : 16 जून संध्याकाळपासून’. डोस दिला की तिथंच लिहा. आठवड्यानं आठवून लिहिलेली वेळ हमखास चुकते.

वही घरात आणि धार काढणारा गोठ्यात, अशानंही घोटाळा होतो. त्या गाईच्या मागच्या पायाला लाल फडकं बांधा, तिची धार सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या बादलीत काढा. मशीन असेल तर नंतर ते धुवा. ते दूध वासरालाही पाजू नका.

आटवताना सोडायच्या ट्यूबचा हिशोब वेगळा असतो. त्यांचं औषध आठवडेच्या आठवडे कासेत राहावं असंच बनवलेलं असतं. गाय ठरल्या तारखेआधी व्याली तर चीक संपला म्हणून दूध चालू करू नका. ट्यूब सोडल्याच्या तारखेचं पान काढा, लेबलवरचे दिवस भरलेत का ते बघा; भरले नसतील तर डॉक्टरांना विचारून पुढची तारीख लिहून घ्या. केंद्रावर दुधातलं औषध तपासायच्या पट्टीवरही सगळा भरवसा टाकू नका. पेनिसिलीन गटाची पट्टी तेवढाच गट पकडते. ऑक्सिटेट्रासायक्लीन दिलं असेल तर ती पट्टी स्वच्छ दिसेल आणि औषध दुधात असेल.