धनुर्वात: कॅप्सूल जंतू मारते, विष नाही

"मेडिकलमधून कॅप्सूल आणल्या, आता धनुर्वाताचं काही भेव नाही." यवतमाळ, वाशीमकडच्या गावांत हे सर्रास ऐकू येतं. गंजलेल्या खिळ्याला घाबरणारी माणसंही तुरीचं धसकट पायात घुसलं तर तेवढी घाबरत नाहीत. खरं तर गंजाचा या रोगाशी थेट संबंध नाही. संबंध आहे माती-शेणाचा आणि जखमेच्या खोलीचा.

समजा, साठीचा एक शेतकरी शेणखत पसरलेल्या वावरात काम करतोय. धसकट चप्पल भेदून तळपायात शिरतं. तो ते उपटतो, हळद दाबतो आणि कामाला लागतो. वरचं भोक दोन दिवसांत मिटतं. आत मात्र धसकटाचा तुकडा, थोडी माती आणि चिरडलेलं मांस राहिलेलं असतं. त्या मांसात रक्त पोहोचत नाही, म्हणून प्राणवायूही नाही.

माती-शेणातला क्लॉस्ट्रिडियम टेटनी हा जंतू बीजाणूच्या रूपात, म्हणजे जाड कवचातल्या निद्रावस्थेत असतो. उकळत्या पाण्यालाही तो सहसा दाद देत नाही. प्राणवायू असेल तिथे तो रुजत नाही; त्या मेलेल्या मांसात मात्र जागा होतो, वाढतो आणि विष सोडतो. जखमेवर शेण किंवा राख लावणं म्हणजे हेच बीजाणू हाताने आत नेणं. ही प्रथा बंदच व्हायला हवी.

धनुर्वातात दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकची गंमत इथेच आहे. हे औषध कुठल्याही पेशीत शिरतं, पण तसं ते निरुपद्रवी असतं. त्याच्या रेणूवरच्या नायट्रो गटाला इलेक्ट्रॉन मिळाले तरच ते मारक बनतं, आणि इतक्या जोराने इलेक्ट्रॉन देणारी प्रथिनं प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंकडेच असतात. जंतू आपल्या चयापचयातले इलेक्ट्रॉन औषधाला देतो आणि त्यातून तयार झालेले अस्थिर रेणू त्याचाच डीएनए तोडतात. म्हणजे ज्या प्राणवायूहीन स्थितीत जंतू जागा होतो, त्याच स्थितीत औषधही जागं होतं. पेनिसिलीनही या जंतूला मारतं, पण मोठ्या मात्रेत ते मज्जासंस्थेतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाच्या आड येतं. धनुर्वाताचं विषही गाबाच अडवतं, त्यामुळे मेट्रोनिडॅझोलला पसंती मिळते.

तरीही त्याच्या मर्यादा आहेत. निद्रिस्त बीजाणूत चयापचय जवळजवळ थांबलेला असतो, म्हणून औषध त्याला मारू शकत नाही. शिवाय ते रक्तातून येतं आणि मेलेल्या मांसात रक्तच जात नाही. म्हणून जखम उघडून भरपूर पाण्याने धुणं, तुकडा काढणं, मेलेलं मांस कापून टाकणं आणि अशी खोल, घाण जखम लगेच टाके घालून बंद न करणं हे गोळीइतकंच मोलाचं.

सगळ्यात मोठी मर्यादा विषाची. ते मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतं आणि तंतूमधूनच मज्जारज्जूपर्यंत चढतं. तिथे स्नायूंना "थांब" सांगणाऱ्या चेतापेशींत सिनॅप्टोब्रेविन हे प्रथिन कापतं. मग गाबा आणि ग्लायसीन ही शांत करणारी रसायनं सुटत नाहीत, आणि स्नायू आखडले की सैल होत नाहीत. अँटिबायोटिक विषाचा कारखाना बंद करतं. बाहेर पडलेल्या विषाला हातही लावत नाही. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, रक्तात आणि ऊतींत मोकळं फिरणारं विष बांधून टाकतं. पण तंतूत शिरलेलं विष त्याच्याही हाती लागत नाही, म्हणून उशीर महागात पडतो.

आपल्या शेतकऱ्याने लहानपणी लस घेतल्याची खात्री नसेल, तर त्याला जखम झाल्यावर लगेच दोन्ही हवं: साधारण २५० युनिट इम्युनोग्लोब्युलिन आणि वेगळ्या जागी लस. एकट्या लसीच्या पहिल्या डोसाने नवख्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडं वेळेत तयार होत नाहीत. तयार प्रतिपिंडं मधले आठवडे सांभाळतात. ज्याचे तीन डोस झालेत, त्याला घाण जखमेसाठी शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटली असतील तर एक बूस्टर पुरतो.

तो दवाखान्यात न जाता कॅप्सूलवर राहिला, तर साधारण आठवडाभराने जबडा आखडू शकतो. भाकरीचा घास घेता येत नाही, मान ताठते, पण शुद्ध पूर्ण असते. तेव्हा जखम बरी झालेलीही असू शकते, त्यामुळे निदान लक्षणांवरूनच होतं. डॉक्टर घशाच्या मागे स्पॅट्युला टेकवतात. ओकारी येऊन तोंड उघडण्याऐवजी जबडा स्पॅट्युलावरच आवळला, तर संशय पक्का होतो. मग आयसीयूची सोय असलेलं रुग्णालय लागतं, कारण कापलं गेलेलं प्रथिन नव्याने तयार होऊन जोडण्या पूर्ववत व्हायला आठवडे जातात. तोवर झटके आणि श्वास सांभाळावा लागतो.

वाचलेल्या रुग्णालाही लस द्यावीच लागते. जीव घेण्याइतकं विष मात्रेने इतकं कमी असतं, की शरीराची प्रतिकारशक्ती त्याला ओळखायलाही शिकत नाही. म्हणून उपचार सुरू असतानाच पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा आणि त्यानंतर सहा महिन्यांनी तिसरा.