मशीन सहावर, तरी दाढी पिंजारलेली का?

माझा भाचा गेल्या वर्षी सोलापुरातल्या एका बँकेत लागला. दाढी ठेवायला बँकेची हरकत नव्हती, ती नीट दिसावी एवढंच म्हणणं होतं. पठ्ठ्याने ट्रिमर आणला, सहा मिलिमीटरचा कंगवा लावला आणि दर रविवारी तो गालांवरून फिरवू लागला. तरी सोमवारी दुपारपर्यंत दोन्ही कल्ल्यांखाली केसांचे झुबके बाहेर यायचे. एकदा वैतागून माझ्याकडे आला. "मामा, मशीन तर सहावरच आहे की! मग हे कुठनं येतंय?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्याच्या गालावरचा एक झुबका बोटांत धरून पट्टीवर ताणला, तर टोकाचे केस जवळजवळ बारा मिलिमीटर भरले. सहाच्या मशीनखालून बारा मिलिमीटरचा केस सुटला कसा, याचं उत्तर भूमितीत आहे. ट्रिमरचा कंगवा केसाची लांबी मोजत नाही, उंची मोजतो. पातं त्वचेपासून सहा मिलिमीटर वर असतं आणि त्या उंचीच्या वर जे डोकावेल तेवढंच कापलं जातं. हनुवटीवरचे केस बऱ्यापैकी उभे असतात, म्हणून तिथे लांबी आणि उंची जवळपास सारखी भरते. गालावरचा केस मात्र आडवा निजलेला असतो. तो त्वचेशी तीस अंशांचा कोन करत असेल, तर त्याची उंची लांबीच्या निम्मी होते. म्हणजे बारा मिलिमीटरच्या केसाचं टोक सहावरच राहतं आणि पातं त्याला न शिवता वरून निघून जातं. खरा केस थोडा वळलेलाही असतो, त्यामुळे हिशेब अगदी इतका चोख उतरत नाही, पण गफलत होते ती अशीच.

आपल्याकडे टॉवेल घरोघरी असतात, तेव्हा हे हाताने पाहता येईल. मखमलीसारखा मऊ, दोरे कापलेला टॉवेल घ्या आणि त्यावरून एका बाजूला हात फिरवा. दोरे निजतात आणि कापड चपटं, चकचकीत दिसतं. उलट्या बाजूने फिरवलात तर तेच दोरे उभे राहतात. कापड तेच असलं तरी जाडी निराळी वाटते. दाढीचंही असंच आहे, फक्त टॉवेलच्या दोऱ्यांची दिशा एक असते आणि दाढीच्या केसांची ठिकठिकाणी बदलते. गालावर ती साधारण खाली असते. गळ्यावर बऱ्याच जणांची वर किंवा तिरकी जाते, काहींना तिथे भोवराही असतो.

म्हणून भाच्याला आधी ट्रिमर बाजूला ठेवायला लावला. तीन दिवसांची खुंटं वाढलेल्या गळ्यावर बोट फिरवून कुठे गुळगुळीत लागतं आणि कुठे टोचतं ते बघायला सांगितलं. बोट ज्या दिशेने सहज सरकतं, ती केसांची दिशा. ट्रिमर तिच्या उलट फिरवायचा, म्हणजे कंगव्याचे दात केसांना उचलून धरतात आणि उंची लांबीच्या जवळ येते. त्याआधी साध्या कंगव्यानेही दाढी उलट विंचरून फुलवायची. पहिला हात नऊवर मारायचा, मग सातवर, आणि लागलंच तर सहावर. उलट दिशेने तोच आकडा जास्त कापतो, त्यामुळे एकदम सहावर गेलात तर गाल उघडा पडेल. काही ट्रिमरवर एक ते वीस असे आकडे असतात. ते मिलिमीटर नसतात, सोबतच्या कागदावर बघून घ्यावं.

हे सगळं कोरड्या दाढीवर. अंघोळीहून येऊन तशाच ओल्या दाढीला मशीन लावायची सवय पुष्कळांना असते, तिथे घोळ होतो. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे कितीतरी दुबळे हायड्रोजन बंध असतात. पाणी आत शिरलं की हे बंध सुटतात. केस फुगतो, ताणला जातो, त्याचा वळसा सैल होतो. ओली दाढी लांब आणि सरळ दिसते, म्हणून आपण जास्त कापतो. वाळताना बंध पुन्हा जुळतात, केस परत वळतो, आणि एका गालावर खळगा पडलेला दिसतो.

हेच बंध रोजच्या विंचरण्यात मात्र कामाला येतात. वाळताना केस ज्या आकारात असेल, त्याच आकारात बंध जुळतात. भाचा जुळे सोलापुरातून दुचाकीने येतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडलेला असतो, हेल्मेटच्या पट्ट्याखाली घाम येतो, पट्टा डावी बाजू दाबून धरतो आणि बँकेत पोचेपर्यंत ती तशीच वाळते. कोरड्या कंगव्याने ती कितीही ओढली तरी सुटत नाही, कारण बंध वाकड्या आकारातच बसलेले असतात. आता तो पोचला की बेसिनपाशी बोटं ओली करून त्या बाजूला दाबतो, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवतो, मग केसांच्या दिशेने विंचरून तळव्याने मिनिटभर दाबून धरतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तेवढ्यात दाढी वाळते आणि दिवसभर जागची हलत नाही. ओला केस लवकर ताणला जातो, म्हणून बारीक दातांचा कंगवा त्या वेळी नको. हवा अगदी कोरडी असली की प्लास्टिकच्या कंगव्याने केसांत विद्युतभार साचतो आणि ते एकमेकांना दूर ढकलत फुलतात. लाकडी कंगवा किंवा तेलाचे दोन थेंब पुरतात. जास्त तेल मात्र नको. दाढीखालच्या त्वचेवरची मॅलॅसेझिया नावाची बुरशी तेलकट पदार्थांवरच पोसली जाते. पिवळसर, तेलकट पापुद्रे सुटू लागले आणि खाली त्वचा लाल दिसली, तर तेल बंद करून त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं.

राहिला प्रश्न किती दिवसांनी कापायचं याचा. दाढीचा केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो. गालावरचे सहा मिलिमीटर उद्या ६.३५ झाले तर कुणाच्या लक्षात येणार नाही. पण गळ्यावर बिनकंगव्याच्या ट्रिमरने अर्धा मिलिमीटर ठेवला असेल, तर तो एका दिवसात ०.८५ होतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. म्हणून दाढी वाढल्यासारखी वाटते ती आधी काठाला. भाचा आता गालांना रविवारीच हात लावतो आणि काठ मात्र दिवसाआड साफ करतो.

हा काठ जबड्याच्या हाडावर नसतो, ही चूक त्यानेही केली होती. रेघ हाडावर आखली की समोर बसलेल्या खातेदाराला हनुवटीखालचा गळा सगळा उघडा दिसतो आणि दाढी चिकटवल्यासारखी वाटते. कंठमण्याच्या वर दोन बोटं ठेवायची आणि तिथून दोन्ही कानांमागे जाणारी कमान धरायची. त्याखालचं सगळं काढायचं, पण ट्रिमरने. तिथे वस्तरा उलटा मारला तर केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो, त्याचं तिरकं टोक वाढताना बाहेर न येता आतच वळतं आणि लाल पुटकुळ्या उठतात. भाच्याच्या गळ्यावर अशा पाच-सहा होत्या. त्याने वस्तरा सोडला आणि महिन्याभरात त्या बसल्या, फक्त कॉलर घासते तिथली एक अजून रेंगाळली आहे.