तपासणीला आलेले साहेब आधी काय उघडून बघतात

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत सहा टेबलांची मटण खाणावळ आहे. दुपारी तांबडा-पांढरा, रात्री तांबडा-पांढरा आणि सुकं. मी खाणावळवाल्यांचे अन्न परवान्याचे अर्ज भरून देतो, त्यातलंच हे एक काम. मालक पहिल्या दिवशी म्हणाले, "नोंदणी करून टाका की, शंभर रुपयांत होतंय म्हणं." मी गल्ल्याचा हिशोब विचारला. रोजचे सरासरी 9,000 रुपये, महिन्याला 26 दिवस. वर्षाचे 28 लाख झाले. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांनी साध्या नोंदणीची हद्द वर्षाला 12 लाखांच्या उलाढालीवर ठेवली आणि त्यावरच्यांना राज्य परवाना लावला. ही हद्द आणि शुल्क सरकार बदलू शकतं, म्हणून ज्या दिवशी अर्ज भरायचा त्या दिवशी foscos.fssai.gov.in वर दिसणारा आकडाच धरायचा. उलाढाल कमी दाखवून नोंदणीत बसण्याच्या भानगडीत पडू नका. यूपीआयचा हिशोब फोनवर दोन मिनिटांत निघतो.

परवान्याच्या अर्जाला लागणारी कागदपत्रं थोडीच आहेत. मालकाचा फोटो आणि ओळखपत्र, जागेचा भाडेकरार किंवा वीजबिल, मापांसह जागेचा नकाशा, पाण्याचा तपासणी अहवाल, अन्नसुरक्षा व्यवस्थापनाचा आराखडा आणि जबाबदार व्यक्तीच्या नेमणुकीचा फॉर्म. भागीदारी असेल तर भागीदारीपत्र. महापालिकेचा व्यवसाय परवाना हे वेगळं खातं. तो आहे म्हणून अन्न परवाना मिळत नाही आणि उलटही नाही. अर्ज ऑनलाइन जातो. त्यात काही कमी असेल तर अन्न व औषध प्रशासनाचे पदनिर्देशित अधिकारी 15 दिवसांत विचारणा करतात, आणि तिला उत्तर द्यायला आपल्याला 30 दिवस असतात. हे उत्तर चुकलं की अर्ज बाद होतो आणि भरलेलं शुल्क जातं. म्हणून पोर्टलवर आपलाच मोबाइल नंबर टाका, सायबर कॅफेवाल्याचा नको.

कागद जमले की अन्न सुरक्षा अधिकारी प्रत्यक्ष जागा बघायला येतात. कागदावर लिहिलंय ते भटारखान्यात आहे का, एवढंच त्यांना बघायचं असतं. या खाणावळीच्या वेळी माझीच चूक झाली होती. नकाशा मी मालकांना विचारून घरी बसून काढला. त्यात हात धुण्याचं बेसिन वेगळं आणि भांडी घासायची मोरी वेगळी दाखवली. प्रत्यक्षात नळ एकच होता, त्याच्याखालीच मटण धुतलं जायचं आणि पोरंही तिथंच हात धुवायची. तपासणीच्या आधी सहज चक्कर मारली म्हणून ते दिसलं. मग भिंतीतून पाइप काढून दाराशी छोटं बेसिन बसवलं, साबण आणि कागदी रुमाल ठेवले, नकाशा पुन्हा काढला. तेव्हापासून टेप हातात घेतल्याशिवाय मी नकाशा काढत नाही.

आता पाणी. "पाणी तर म्हापालिकेचंच हाय की, त्याला कसली तपासणी?" हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो. पण महापालिकेचं पाणी तुमच्या मीटरपर्यंतच महापालिकेचं. तिथून पुढं जमिनीखालची टाकी, मोटर, गच्चीवरची टाकी आणि पाइप सगळं तुमचं. अधिकारी अहवाल मागतात तो स्वयंपाकात वापरल्या जाणाऱ्या पाण्याचा, आणि ते पाणी आयएस 10500 या मानकात बसायला हवं. रासायनिक तपासणीत क्वचितच कुणी अडकतं. बोअरचं पाणी असेल तर क्षार आणि कडकपणा तेवढा बघावा. अडकतात ते जंतूंच्या तपासणीत, कारण 100 मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म आणि ई-कोलाय अजिबात असून चालत नाहीत.

या खाणावळीचा पहिला अहवाल असाच नापास आला. नमुना कसा घेतला ते आधी विचारलं, कारण निम्म्या वेळा चूक तिथंच असते. मिनरल वॉटरची रिकामी बाटली भरून प्रयोगशाळेत नेली तर तो नमुना पाण्याचा कमी आणि बाटलीचा जास्त. निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यायची. नळाचं तोंड आगीने शेकायचं, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचं, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता बाटली भरायची आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. मालकांनी हे सगळं नीट केलं होतं. म्हणून दोन नमुने पुन्हा घेतले, एक मीटरजवळच्या नळाचा आणि एक भटारखान्यातला. मीटरचा पास, भटारखान्याचा नापास. गच्चीवर गेलो तर हजार लिटरच्या टाकीचं झाकण तडकलेलं, वर दगड ठेवलेला आणि कडेला पारव्यांची वस्ती.

टाकी रिकामी करून आतून घासली, पुन्हा भरली आणि ब्लिचिंग पावडर टाकली. हिशोब सोपा आहे. निर्जंतुकीकरणासाठी लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन धरायचं, म्हणजे हजार लिटरला 50 ग्रॅम. पावडरमध्ये क्लोरीन साधारण 30 टक्के, म्हणून पावडर 165 ग्रॅमच्या आसपास. तोंड उघडं राहिलेल्या जुन्या पोत्यातली घेऊ नका, त्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं. हे पाणी नळांतूनही थोडं सोडायचं म्हणजे पाइप धुतले जातात, आणि रात्रभर ठेवून सकाळी सगळं ओतून टाकायचं. हे पाणी स्वयंपाकाला चालत नाही. नवं झाकण बसलं, तिसरा नमुना पास झाला. नापास अहवालही मी फाइलमध्येच ठेवायला सांगितला. दोष सापडला, दुरुस्त केला, पुन्हा तपासलं, हा क्रम अधिकाऱ्याला दिसला तर आपली बाजू उलट भक्कम होते.

खानपानाच्या तपासणी यादीत पाण्याची तपासणी दर सहा महिन्यांनी करून नोंद ठेवायला सांगितलंय. कोल्हापुरात त्यातली एक तपासणी पावसाळ्यानंतर ठेवावी असं माझं मत. 2019 आणि 2021 च्या महापुरात उपसा केंद्रं बंद पडली आणि शहर टँकरवर आलं. तसा टँकर घेतला तर तारीख, गाडी कुठून भरली आणि टाकीत काय टाकलं, एवढं वहीत लिहून ठेवा. बर्फ विकत घेत असाल तर तो खाण्याच्या पाण्याचा आहे याची पावतीही तिथंच लावा.

मग साहेब भटारखान्यात शिरतात आणि पहिल्यांदा फ्रिज उघडतात. कच्चं मटण वर आणि शिजलेला रस्सा खाली असेल तर पुढचं काही बघायची गरजच राहत नाही, कारण वरचं रक्त खाली ठिबकतं. शिजलेलं वर, कच्चं खाली, दोन्ही झाकून आणि तारखेची चिठ्ठी लावून ठेवायचं. फ्रिजमध्ये 5 अंश किंवा कमी, डीप फ्रीझरमध्ये उणे 18. दारावरच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. टोचायचा थर्मामीटर घ्या आणि तो खरा दाखवतो का ते महिन्यातून एकदा बर्फाच्या चुऱ्यात पाणी घालून बघा. शून्य दाखवला पाहिजे.

तांबडा-पांढऱ्याच्या खाणावळीत खरी मेख असते उरलेल्या रश्श्यात. नियम असा की गरम ठेवायचा तर मांसाहारी पदार्थ 70 अंशांवर, आणि गार करून ठेवायचा तर 60 वरून 21 अंशांवर दोन तासांत, तिथून 5 वर आणखी दोन तासांत. आता मे महिन्यातल्या आपल्या भटारखान्याचा विचार करा. खोलीच 33-34 अंशांवर असते. तिथं कट्ट्यावर ठेवलेलं 15 लिटरचं पातेलं रात्रभर ठेवलं तरी 21 वर येणारच नाही, ते खोलीच्या खाली जाऊच शकत नाही. आणि तसंच गरम पातेलं फ्रिजमध्ये घातलं तर रस्सा गार होण्याऐवजी फ्रिज गरम होतो, शेजारचं दही आणि मटण बिघडतं. पांढरा तर नारळाच्या दुधाचा, तो आधी जातो.

आम्ही असं बसवलं: उरलेला रस्सा चार-चार लिटरच्या उथळ पातेल्यांत ओतायचा, ती बर्फ घातलेल्या परातीत ठेवायची, स्वच्छ पळीने ढवळत राहायचं. पाऊण-एक तासात थर्मामीटर 21 च्या खाली येतो, मग झाकून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी गरम करताना आतपर्यंत 75 अंश, किमान दोन मिनिटं. गर्दीत गार रश्श्यात उकळतं पाणी ओतून तो "गरम" करायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. तपासणी यादीत ती पद्धत नाव घेऊन नाकारलेली आहे. पांढरा मात्र उरवूच नका, असं मी मालकांना सांगितलं. कमी करा, संपला की संपला म्हणा. कोल्हापुरात त्यावरून भांडण होतं हे मान्य.

नोंदींचा भाग कंटाळवाणा आहे, पण खोट्या नोंदी सगळ्यांत लवकर पकडल्या जातात. महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ 4 अंश, एकाच पेनाने, एकाच हाताने आणि सोमवारी खाणावळ बंद असतानाही 4 अंश. अशी वही मी स्वतः पाहिली आहे. त्यापेक्षा 7 अंश लिहा आणि पुढं "दाराचं रबर बदललं" असं लिहा. कामगारांचा वैद्यकीय दाखला दर वर्षी लागतो, विषमज्वरासारख्या आजारांच्या लशींच्या नोंदीसह. गावाकडून आठवड्यापूर्वी आलेला पोऱ्याही यात आला. पेस्ट कंट्रोलची पावती, तळणीचं तेल बदलल्याची तारीख आणि खरेदीची बिलं, हे सगळं किमान वर्षभर जपायचं.

खरेदीत घोडं अडतं ते मटणाच्या दुकानाशी. किराणावाल्याच्या बिलावर अन्न परवान्याचा क्रमांक असतो, 1 जानेवारी 2022 पासून तो छापणं सक्तीचं आहे. खाटीक मात्र वजन आणि रक्कम लिहून कागदाचा कपटा देतो. मालकांचा खाटीक वडिलांच्या वेळेपासूनचा, दुकान बदलणं शक्य नव्हतं. शेवटी मीच त्यांची नोंदणी करून दिली आणि क्रमांकाचा शिक्का करून घेतला. आता कपट्यावर शिक्का येतो.

तपासणीत काही उणं निघालं तर लगेच नकार येत नाही. काय बदलायचं ते लेखी मिळतं आणि त्यासाठी साधारण 30 दिवस असतात. आमच्या वेळी दोन गोष्टी निघाल्या, मोरीच्या तोंडाला जाळी नव्हती आणि कचऱ्याच्या डब्याला पायाने उघडायचं झाकण नव्हतं. दोन्ही मिळून अकराशे रुपयांत झालं. फोटो त्याच संध्याकाळी पोर्टलवर टाकले. अर्जाचा क्रमांक पडल्यापासून 60 दिवसांत परवान्याचा निर्णय व्हायचा असतो. हा परवाना पाचव्या आठवड्यात आला. मालकांनी तो फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावला होता. तो गिऱ्हाइकाला दिसेल असा गल्ल्याजवळ लावायचा असतो, म्हणून खिळा पुन्हा ठोकला.