खादी : हातसुताचा पोत, पडणं आणि पेहराव

हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड म्हणजे खादी. 1956च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या कायद्यात हीच व्याख्या आहे. त्यात कापसासोबत रेशीम आणि लोकरही येते, पण ही नोंद फक्त सुती खादीपुरती आहे. व्याख्येतल्या दोन अटींपैकी पहिली महत्त्वाची. हातमागावर गिरणीचे सूत विणले तर कापड हातमागाचे होते, खादी होत नाही. ठाणे-नवी मुंबईकडे कापूस पिकत नाही आणि कताईची मोठी परंपराही नाही. इथे खादी भेटते ती भांडारात, बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये किंवा एखाद्या प्रदर्शनात. शेजारच्या भिवंडीत यंत्रमाग आहेत, त्यामुळे हातसुताचे कापड आणि हातसुतासारखे दिसणारे कापड एकाच बाजारात सापडते. फरक ओळखायचा तर सुतापासून सुरुवात करावी लागते.

पेटीचरख्यावर कातताना एका हाताने चाक फिरवतात, दुसऱ्या हातात पिंजलेल्या कापसाचा पेळू असतो. चाती म्हणजे चाकाबरोबर फिरणारी टोकदार सळई. तिच्या टोकाला धागा लावून हात मागे ओढला की पेळूतून तंतू सुटत जातात आणि त्यांना पीळ बसतो. हातभर धागा झाला की तो चातीवर गुंडाळायचा आणि पुन्हा ओढायचे. पेळूतून किती तंतू सुटतील हे बोटांच्या दाबावर ठरते आणि तो दाब कुणाचाच सारखा राहत नाही. म्हणून धागा कुठे जाड, कुठे बारीक येतो. दोन्हींच्या मधला बदल मात्र हळूहळू होतो.

पिळाचे गणितही इथेच फिरते. धाग्याला दिलेला पीळ सगळीकडे सारखा बसत नाही. बारीक जागा वळायला सोपी, म्हणून पीळ तिकडे धावतो. जाड जागा मऊ आणि सैल राहते. पाहणाऱ्याला वाटते की जाड जागा मजबूत असेल. पीळ फारच कमी असला तर नेमके उलटे होते : तंतू एकमेकांना धरून राहत नाहीत, ताण बसला की घसरतात आणि धागा तिथेच सुटतो. मागावर ताण मुख्यतः उभ्या सुतावर येतो. त्यामुळे हातसुताचा ताणा लावणे ही विणकराची खरी परीक्षा असते आणि ताण्याला आधी खळ देऊन तंतू बसवून घ्यावे लागतात. बाण्यात, म्हणजे आडव्या सुतात, कच्चे सूत एक वेळ चालून जाते, ताण्यात चालत नाही. साबरमती आश्रमात सुरुवातीला मागावर गिरणीचेच सूत होते. पुढे गंगाबेन मजमुदारांनी विजापूरला चरखे शोधून काढले, तेव्हा पेळू मिळवण्यापासून सगळी घडी बसवावी लागली. आश्रमाच्या पहिल्या खादीला वाराला 17 आणे खर्च आला होता.

कापडाचा पोत या जाड-बारीकपणातूनच येतो. हात फिरवला की बारीक कणी लागते, पण ती टोचत नाही, कारण वर आलेल्या जाड जागा मऊ असतात. त्याच जागा रंग आणि पाणी जास्त पितात. म्हणून एकाच रंगात रंगवलेल्या खादीतही फिकट-गडद रेघा दिसतात. दुकानदार कधी त्याला दोष म्हणतो, कधी त्याच कारणाने किंमत वाढवतो. उजेडासमोर धरलेल्या खादीत बारीक सुतांच्या मधल्या फटी वेगवेगळ्या मापाच्या दिसतात. ठाण्याच्या घामट मे महिन्यात कापड अंगाला चिकटून बसत नाही, त्याचे कारण हेच : पृष्ठभाग सपाट नसल्याने ते कातडीला जागोजागीच टेकते.

सुताची जाडी नंबराने मोजतात. खादीच्या व्यवहारात हजार मीटरची एक गुंडी धरतात, आणि एका किलोत जितक्या गुंड्या बसतील तितका सुताचा नंबर. नंबर जितका मोठा, सूत तितके बारीक. एका कुर्त्याचा हिशेब करून पाहू. 36 इंच पन्ह्याचे अडीच मीटर कापड घेतले, सूत 50 नंबरचे, सेंटिमीटरला उभी 18 आणि आडवी 17 सुते. विणताना सूत वर-खाली जाते म्हणून लांबीत सात टक्के वाढ धरली, तर एवढ्या कापडात साधारण साडेआठ हजार मीटर, म्हणजे साडेआठ गुंड्या सूत बसते आणि वजन भरते 170 ग्रॅमच्या आसपास. पेटीचरख्यावर तासाला 300 ते 400 मीटर निघाले असे मानले, तर एका कुर्त्याचे सूत कातायला पंचवीसेक तास लागतात. पिंजणे आणि विणणे त्यात धरलेले नाही.

आज बहुतेक खादी पेटीचरख्यावरची नसते हेही सांगायला हवे. तमिळनाडूच्या एकांबरनाथ यांनी तयार केलेल्या अंबर चरख्यावर रूळांमधून कापूस बारीक होत जातो आणि एकाच वेळी अनेक चात्या फिरतात. आता आठ चात्यांचे चरखेही आहेत. त्यावर लागणारी कापसाची तयार वात आयोगाच्या चित्रदुर्ग, सिहोर अशा ठिकाणच्या कारखान्यांत यंत्रावर बनते. हाताचे काम उरते ते चरखा चालवणे, तुटलेला धागा जोडणे आणि गुंडी करणे. बोटांच्या दाबाचा खेळ संपल्याने हे सूत पेटीचरख्याच्या सुतापेक्षा बरेच सारखे येते. खादी म्हणजे जाडीभरडी, ही समजूत घेऊन भांडारात गेलेल्या माणसाला गुळगुळीत कापड हाती आले की शंका येते. ती शंका चुकीची आहे. ते कापड कायद्याने खादीच आहे.

उलट फसवणूक होते ती खडबडीत कापडात. गिरणीतही मुद्दाम जाड-बारीक सूत काढता येते. यंत्रात जाड जागा कुठे आणि किती लांब यायची ते आधी ठरवून ठेवतात. अशा सुताचे यंत्रमागावर विणलेले कापड ‘खादी कॉटन’ अशा मोघम नावाने विकले जाताना दिसते. ओळखायला कापडाच्या कडेचे दोन-तीन धागे सोडवावेत, एक उभा आणि एक आडवा तरी हवाच. जाड जागांकडे बघू नये, दोन जाड जागांच्या मधला भाग बघावा. गिरणीच्या सुतात मधला भाग एकसारखा बारीक, दोरीसारखा असतो आणि जाड जागा त्यावर चिकटवल्यासारखी अचानक सुरू होऊन अचानक संपते. हातसुतात असा ‘मधला’ सारखा भागच सापडत नाही. अनेकदा अशा कापडात जाड-बारीकपणा फक्त आडव्या सुतात असतो आणि उभे सूत सरळ, साधे असते. ही खूण तर विणीकडे नीट पाहिले की धागा न सोडवताही दिसते.

या परीक्षेला मर्यादा आहे. अंबर चरख्याचे चांगले सूत आणि गिरणीचे साधे सूत यांत उघड्या डोळ्यांना फरक सांगता येत नाही. धागा जाळून पाहण्याचा सल्ला काही जण देतात, तो इथे निरुपयोगी आहे. दोन्ही कापूसच, दोन्ही कागदासारखे जळतात. त्यातून फार तर पॉलिस्टर आहे का ते कळते. अशा वेळी 2013च्या नियमांनी आलेले खादी मार्कचे लेबल आणि प्रमाणित संस्थेचे बिल याखेरीज इलाज नाही.

कापडाचे पडणं हा खादीचा सर्वांत उशिरा कळणारा गुण. नवी खादी खळीमुळे अंगापासून फुगून उभी राहते आणि नवखा माणूस तिथेच नाराज होतो. चार-पाच धुण्यांत खळ निघते, सैल सूत फुलते, फटी भरून येतात आणि कापड खांद्यावरून सरळ खाली पडू लागते. याच काळात ते आटते. म्हणून नौपाड्यातला जुना शिंपी कापड हातात घेताच विचारतो, “रात्रभर भिजवलंत का?” न भिजवता शिवलेला कुर्ता पहिल्या धुण्यात बाहीला आखूड होतो आणि दोष शिंप्यावर येतो. पन्हा कमी असेल तर घेरासाठी कळ्या जोडाव्या लागतात, त्यामुळे गिरणीच्या कापडाच्या मापाने खादी घेतली की ती हमखास कमी पडते.

जाड सुताच्या साडीत पडणं वेगळा प्रश्न उभा करते. 17 नंबरच्या आसपासच्या सुताची नऊवारी दीड किलोच्या वर जाते. तिच्या निऱ्या खोचल्या की कमरेशी पुठ्ठ्यासारखा गठ्ठा होतो आणि ओली झाली की ती एकटीला पिळता येत नाही. स्वातंत्र्यलढ्यात बायकांनी खादीच्या वजनाची तक्रार केली ती नाजूकपणातून नव्हे. घरातले धुणे त्यांच्याच हाती होते.

पेहरावातले खादीचे प्रतीकमूल्य या खडबडीतपणावरच उभे राहिले. 31 जुलै 1921 रोजी परळला विदेशी कापडाची होळी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात मदुराईला गांधींनी पंचा स्वीकारला. 1924 नंतर काही काळ काँग्रेसच्या सभासदत्वासाठी महिन्याला 2000 वार सूत देण्याची अट होती, म्हणजे अंगावरच्या कापडाइतकेच हातातले कामही मोजले जात होते. पांढऱ्या टोपीने मराठी मुलखात पगडी-पागोट्यांतून कळणारी जात झाकली, हा तिचा मोठा परिणाम. तरी प्रत्येकाने ही खूण स्वीकारली असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सूट-टाय हा त्याच सार्वजनिक जीवनातला दुसरा आणि तितकाच विचारपूर्वक पेहराव होता. साधेपणा लादला गेलेल्या माणसाला साधेपणाचे प्रतीक का आवडावे, हा प्रश्न खादीच्या इतिहासात टाळता येत नाही.

पुढे खूण उलटली. ‘खादीधारी’ हा शब्द आज ठाण्यात कुणी आदराने वापरत नाही. डोळ्यासमोर येतो तो कडक इस्त्रीतला पुढारी. त्या कडक पांढऱ्या कापडात बरेचदा पॉलीवस्त्र असते. त्यात 67 टक्के पॉलिस्टर आणि 33 टक्के कापूस असतो, म्हणून सुरकुती पडत नाही. 30 डिसेंबर 2021च्या दुरुस्तीने राष्ट्रध्वजासाठीही यंत्रावरचे आणि पॉलिस्टरचे कापड चालू लागले. त्याआधी ध्वज हातसुताचाच असावा लागे.

या भागातल्या पावसाळ्यात खादी सांभाळणे हे स्वतंत्र काम आहे. जाड, मऊ जागांत ओल अडकते. वरून कोरडा लागणारा कुर्ता शिवणीच्या आत ओला असतो आणि तसाच घडी घातला की आठवड्यात काळे ठिपके दिसतात. खळ घातलेले कपडे कपाटात ठेवू नयेत. खळीवर कसर येते आणि बुरशीही आधी तिथेच धरते. जूनपूर्वी सगळी खादी साध्या पाण्यात धुऊन, खळ पूर्ण काढून ठेवावी. पांढरी असेल तर निळीचा हातही तेव्हा देऊ नये. खळ आणि नीळ दोन्ही कपडा बाहेर काढल्यावर, नेसण्याच्या किंवा घालण्याच्या आदल्या दिवशी.