अभंगाची संगती (कीर्तनारंभ)

वारकरी कीर्तनात निरूपणासाठी घेतलेल्या अभंगाचा समोर बसलेल्या श्रोत्यांच्या आजच्या चिंतेशी जो धागा सुरुवातीलाच जोडला जातो, त्याला कीर्तनकार ‘संगती लावणे’ म्हणतात. अभंग कोणाचा, कोणत्या प्रकरणातला, तो कोणी कोणाला उद्देशून म्हटला आणि आज या गावात तोच का घ्यावासा वाटला, एवढे सगळे त्या संगतीत येते. दोन तासांच्या कीर्तनात हा भाग साधारण दहा-पंधरा मिनिटांचा असतो. पण पुढचे चिंतन श्रोत्यांच्या मनात उतरणार की कानावरून जाणार, हे बहुधा इथेच ठरते.

क्रम ठरलेला असतो. टाळमृदंगावर ‘जय जय रामकृष्ण हरी’चे भजन होते, ‘सुंदर ते ध्यान’सारखा रूपाचा अभंग होतो आणि मग निरूपणाचा अभंग म्हटला जातो. त्याचे ध्रुपद टाळकरी झेलतात, विठ्ठलनामाचा गजर होतो आणि तो विरला की कीर्तनकार बोलू लागतो. पहिली वाक्ये जवळजवळ साच्यातली असतात: सेवेसाठी घेतलेला अभंग जगद्गुरू तुकोबारायांचा, चार चरणांचा, उपदेशपर प्रकरणातला. ही वाक्ये ऐकताना सवयीचा श्रोता अजून सावरून बसत असतो. खरी संगती त्यांच्यानंतर सुरू होते.

श्रोत्याकडे थेट वळून कथेला आरंभ करण्याची रीत जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची पहिलीच ओवी ‘तरी अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होइजे’ अशी आहे. आधी अवधान मागायचे आणि त्याबदल्यात काय मिळेल तेही सांगून टाकायचे, हा तिचा घाट. मात्र कीर्तनाच्या आरंभी नुसते अवधान मागून भागत नाही. श्रोता दिवसभराचे काम उरकून, डोक्यात घरचे काहीतरी घेऊन आलेला असतो. ते जे काही आहे, त्यालाच अभंगात जागा करून द्यावी लागते.

यासाठी कीर्तनकाराला गावाची चिंता आधी कळावी लागते. सप्ताहाला बाहेरगावाहून येणारे महाराज दुपारीच पोहोचले तर यजमानांच्या घरी, पंगतीत, पारावर दोन गोष्टी कानावर पडतात. कोणाकडे दुःखद प्रसंग झाला आहे, पाणी किती खोल गेले आहे, बाजारात सोयाबीन काय भावाने गेले, हे विचारूनच अभंग कायम करणारे कीर्तनकार आहेत. माझ्या मते हीच चांगली सवय. गाडी थेट मंडपापाशी थांबवून, गावोगाव तोच अभंग तशाच संगतीने लावला, तर चिंताही सगळीकडे एकाच साच्याची निघते आणि श्रोत्यांना ते लगेच कळते.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. श्रावणातला सप्ताह आहे, गाव मराठवाड्यातले. पेरणी वेळेवर झाली, सोयाबीन फुलोऱ्यात आले आणि पावसाने ओढ दिली. पीककर्ज घेतलेले आहे, काहींनी बियाण्यासाठी वर हातउसनेही घेतले आहे. पीक अजून गेलेले नाही. आठ दिवसांत पाऊस आला तर सावरेल, नाही आला तर शेंगा भरणार नाहीत. कीर्तनकाराने तुकोबांचा हा अभंग घेतला आहे:

आलिया भोगासी असावें सादर । देवावरी भार घालूनियां ॥
मग तो कृपासिंधु निवारी सांकडें । येर तें बापुडें काय रंकें ॥
भयाचिये पोटीं दुःखाचिया रासी । शरण देवासी जातां भले ॥
तुका म्हणे नव्हे काय त्या करितां । चिंतावा तो आतां विश्वंभर ॥

सोपी वाट अशी की, पहिला चरण घ्यावा, संकटे येणारच असे सांगावे, पावसाचा उल्लेख करावा आणि देवावर भार टाका म्हणून मोकळे व्हावे. त्याने संगती लागत नाही, कारण या गावावर भोग अजून आलेलाच नाही. येईल की नाही, याने लोकांची झोप उडाली आहे. पहिला चरण आलेल्या भोगाबद्दल बोलतो आणि मंडपातली माणसे न आलेल्या भोगाला भितात. ही फट लपवायची नसते, तीच उघड करायची असते. जाणता कीर्तनकार म्हणतो: ‘मायबाप हो, महाराज म्हणतात आलिया भोगासी. जे आलं त्याला तोंड द्यायला आपण घाबरत नाही. दुष्काळ काढलेत आपण. पण जे अजून आलंच नाही, त्याचं काय करायचं? रात्री दोन वाजता उठून आभाळ बघतो, ते कशापायी?’

एवढे विचारून तो लगेच उत्तर देत नाही. एकदम तिसऱ्या चरणाकडे बोट दाखवतो: भयाचिये पोटीं दुःखाचिया रासी. दुःखाच्या राशी भयाच्या पोटात आहेत, असे तुकोबा म्हणतात. पीक जाण्याचे दुःख एकदाच होईल. ते जाईल या भयाने ते रोज रात्री होते, आणि पाऊस आला तरी त्या रात्री परत मिळत नाहीत. निरूपण चरणाच्या क्रमानेच चालायचे असते, म्हणून तिसरा चरण इथे दाखवून ठेवतात आणि पुन्हा पहिल्यावर येतात. आपल्या प्रश्नाचा जबाब याच अभंगात पुढे आहे हे श्रोत्याला कळलेले असते, आणि त्या चरणाची तो वाट पाहू लागतो.

मग येते अधिकाराची बाजू: हे सांगणारा कोण? तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय होता. 1630 च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात तो बुडाला. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. संगतीत हे प्रमाण दिले की मंडप बदलतो. उपदेश करणारा माणूस कर्ज, नापिकी आणि घरातला मृत्यू पाहिलेला आहे, हे समजल्यावर ‘असावें सादर’ हे शब्द वरून आलेले वाटत नाहीत. पण या जागी फार रेंगाळू नये. तुकोबांचे चरित्रच सांगत बसले तर श्रोते हळहळतात आणि स्वतःची चिंता बाजूला राहते.

संगतीचा शेवटचा टप्पा शंका काढण्याचा. ‘देवावरी भार’ म्हटले की मंडपात कोणीतरी मनात म्हणतोच, मग मोटार चालू करायची की नाही? ही शंका श्रोत्याने काढण्याआधी कीर्तनकाराने काढावी. ‘सादर’ असणे म्हणजे तत्पर असणे. हातपाय गाळून बसलेला माणूस सादर नसतो. इथे ‘असाध्य तें साध्य करितां सायास । कारण अभ्यास तुका म्हणे’ हे प्रमाण चपखल बसते. विहिरीत असेल तेवढे पाणी द्यायचे, विम्याचे कागद वेळेत करायचे, आणि हे सगळे करूनही जे आपल्या हातात नाही तेवढाच भार देवावर घालायचा. एवढे बोलून कीर्तनकार पहिल्या चरणाची चाल घेतो, टाळकरी उभे असतातच, आणि संगती संपून चिंतन सुरू होते.

संगती बिघडते ती बहुतेक वेळा चिंतेचाच विस्तार झाल्यामुळे. पावसावरून भावावर, भावावरून सरकारवर, तिथून मोबाईलवर आणि तरुण पोरांवर गाडी जाते. श्रोते हसतात, मानही डोलावतात, म्हणून वक्त्याला वाटते रंग भरतो आहे. ओळखायची खूण टाळकऱ्यांकडे असते. बराच वेळ चाल घ्यायची संधी आली नाही, हातातले टाळ खाली उतरले, मृदंगावरचा हात थांबला, की अभंग सुटला असे समजावे. अशा वेळी जुने टाळकरी स्वतःहून ध्रुपद उचलतात. कीर्तनकाराला परत आणण्याची ती मर्यादशील रीत आहे.

दुसरी चूक अधिक वाईट, कारण ती माणसाला इजा करते. ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें’ हा अभंग चिंतेवर हमखास घेतला जातो. त्याच्या दुसऱ्या चरणात ‘वाहिल्या उद्वेग दुःख चि केवळ । भोगणें तें फळ संचिताचें’ असे आहे. ज्या गावात नुकतीच शेतकऱ्याची आत्महत्या झाली आहे आणि त्याची माणसे मंडपात बसली आहेत, तिथे संचिताचे फळ हा शब्द उघड्यावर टाकणे म्हणजे त्या घरावर दोष ठेवणे. अर्थ सिद्धांताला धरून असेल, पण ती वेळ त्या अर्थाची नव्हे. तिथे ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें’ हाही अभंग नको. तुकोबांनी स्वतःच्या दिवाळखोरीला बरे म्हटले. दुसऱ्याच्या दिवाळखोरीला बरे म्हणण्याचा अधिकार त्यातून कोणाला मिळत नाही. अशा सप्ताहात करुणापर अभंग घ्यावा, किंवा नामावर बोलावे आणि चिंतेचा उच्चार अगदी थोडक्यात करावा. कोणाचे घर ओळखू येईल असा दृष्टांतही टाळावा. नाव न घेतले तरी गावात सगळ्यांना सगळे कळते.

या रीतीला वेगळेच वळण दिले ते गाडगेबाबांनी (1876–1956). ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तरे त्यांच्याकडूनच वदवून घेत. कर्ज, लग्नातली उधळपट्टी, देवापुढे बळी दिले जाणारे बकरे, मुलांचे शिक्षण हे त्यांचे विषय. तुकोबांची वचने त्यांच्या तोंडी सतत येत, पण चरणाच्या क्रमाने निरूपण करणे हा त्यांचा मार्ग नव्हता. चिंता आधी येई आणि वचन तिच्यावर साक्ष म्हणून उतरे. फडपरंपरेतला, म्हणजे वारकऱ्यांच्या गुरुपरंपरेने चालणाऱ्या दिंडी-मंडळांतला कीर्तनकार याच्या उलट वाटेने जातो: अभंग आधी, चिंता त्यात शोधायची. गाडगेबाबांचे अनुकरण पुष्कळांनी केले. त्यांच्या प्रश्नांची धार त्यांच्या राहणीतून आलेली होती, त्यामुळे नुसती प्रश्नोत्तरे उचलणाऱ्यांची संगती बऱ्याचदा पोकळ वाटते.

नारदीय कीर्तनात ही जागा पूर्वरंगात, म्हणजे निरूपणाच्या पहिल्या भागात येते आणि उत्तररंगातले, म्हणजे दुसऱ्या भागातले आख्यान तिचाच धागा पुढे नेते. प्रवचनात अडचण निराळी असते. ज्ञानेश्वरीचे प्रवचन बसून, वाद्यांवाचून आणि ग्रंथाच्या क्रमाने चालते, म्हणून वक्त्याला ओवी निवडता येत नाही. काल जिथे थांबले तिथूनच पुढची ओवी घ्यावी लागते आणि गावाची चिंता तिच्यात आहे का, हे पाहावे लागते. नसेल तर ती ओढून आणू नये. पुण्या-मुंबईच्या उपनगरांतल्या सप्ताहांत चिंता घराच्या हप्त्याची, नोकरीची असते. परदेशातल्या मराठी मंडळांच्या कीर्तनात गावी एकट्या राहिलेल्या आईवडिलांची. अभंग तेच चालतात. बदलतो तो कीर्तनकाराने श्रोत्यांपुढे ठेवायचा पहिला प्रश्न.

सगळ्याच कीर्तनांत अशा आरंभाला वाव नसतो. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन असते. तिथे कृष्णाच्या बाळक्रीडेचाच अभंग घ्यायचा असतो आणि बोलणेही गोकुळातल्या लीलांवरच राहते. तुकाराम बीज किंवा एखाद्या संताची पुण्यतिथी असेल तर विषय त्या दिवसानेच ठरवून दिलेला असतो. फडांवर काही दिवसांचे अभंग नेमाचे असतात आणि ते बदलत नाहीत. म्हणून श्रोत्यांच्या चिंतेला धरून अभंग लावायचा असेल, तर सप्ताहातले मधले दिवस त्याचे.